अँड्रॉइड की आयफोन? बटणवाल्या फोनच्या सरांसाठी मांडलेला पाच वर्षांचा हिशेब



आठवीच्या चक्रवाढ व्याजाच्या धड्यात आपण घसारा शिकवतो. मशीन घेतलं, दरवर्षी अमुक टक्क्यांनी किंमत कमी होते, तर तीन वर्षांनी किंमत किती? मुलं सूत्र पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. यंदा हा घसारा आमच्या स्टाफरूममध्येच आला, तोही गणित शिकवण्यात हयात घालवलेल्या एका सरांच्या निमित्तानं. त्यावर आमच्यात बराच वाद झाला. माझं मत काय झालं आणि का झालं, ते इथे लिहिते आहे. तुमच्या घरीही आई-वडील, सासू-सासरे यांच्यासाठी हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. चौदा वर्षं एकच बटणांचा फोन त्यांनी वापरला. दोनदा बॅटरी बदलली, दोन्ही वेळा चारशे रुपयांच्या आत, आणि दुकानात नाही, घरी खुर्चीत बसून. एकदा बॉडी बदलली. आता मात्र पेन्शनचं काम, बँक, नातवाचे व्हिडिओ कॉल या सगळ्यासाठी मोठा फोन हवाच आहे. पुण्याच्या सूनबाईंनी सुचवलं, "बाबा, आयफोनच घ्या. महाग वाटतो, पण पैसे वाया जात नाहीत. विकला की निम्मे परत येतात." सरांनी मला विचारलं, "मॅडम, हे खरं का हो?"

खरं आहे. आणि तरीही सरांच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं, तेच आज बघू.

आधी हिशेब मांडू

मी सरांपुढे कागद ठेवला आणि दोन फोन धरले. आयफोन १६ई फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांना आला. आपण सोयीसाठी ६०,००० धरू. दुसऱ्या बाजूला १८,००० रुपयांचा मध्यम अँड्रॉइड. दोन्ही पाच वर्षं वापरायचे. पाच वर्षांत बॅटरी एकदा बदलावी लागणारच, ती दोन्हीकडे धरली. बाकीचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावात, तुमच्या मॉडेलला ते वेगळे असतील, म्हणून स्वतःचे आकडे घालूनच पाहा.

आयफोन: खरेदी ६०,०००. अधिकृत ठिकाणी बॅटरी ९,०००. पाच वर्षांनी विकून आले १८,०००. म्हणजे खिशातून गेले ६०,००० + ९,००० − १८,००० = ५१,०००. वर्षाला १०,२००.

अँड्रॉइड: खरेदी १८,०००. बॅटरी २,०००. पाच वर्षांनी विकून आले २,०००. खिशातून गेले १८,०००. वर्षाला ३,६००.

सर म्हणाले, "थांबा. आयफोनची तीस टक्के किंमत शिल्लक राहिली आणि अँड्रॉइडची अकरा टक्केच. मग आयफोन बरा नाही का?" गणिताच्या सरांनीच हे विचारावं याची मला गंमत वाटली, कारण वर्गात मुलं हीच चूक करतात. दोन टक्केवाऱ्यांची तुलना करताना मूळ रक्कम वेगळी आहे हेच विसरतात. घसाऱ्याच्या सूत्रात घालून पाहिलं तर आयफोन दरवर्षी साधारण २१ टक्क्यांनी उतरला आणि अँड्रॉइड साधारण ३६ टक्क्यांनी. दर आयफोनचा कमी, यात वाद नाही. पण आयफोनचे उतरलेले रुपये ४२,००० आणि अँड्रॉइडचे १६,०००. बाजारात आपण टक्के मोजून देत नाही, रुपये मोजून देतो.

मग मी प्रश्न उलटा केला. आयफोन पाच वर्षांनी किती रुपयांना विकला गेला, तर दोन्हींचा खर्च सारखा होईल? खर्च ६९,०००, त्यातून अँड्रॉइडचे १८,००० वजा केले तर ५१,०००. म्हणजे साठ हजारांचा फोन पाच वर्षं वापरून एक्कावन्न हजारांना विकावा लागेल. असा गिऱ्हाईक कुठे मिळणार? हा उलटा प्रश्न मुलांनाही जरूर द्या. 'किंमत किती राहील' यापेक्षा 'किती राहिली तर परवडेल' या प्रश्नानं घसारा जास्त कळतो, असा माझा अनुभव आहे.

सूनबाईंचं 'निम्मे परत' हे दोन-तीन वर्षांत फोन बदलणाऱ्यांच्या बाबतीत खरं आहे. त्या स्वतः तशाच बदलतात. समजा तीन वर्षांनी साठ हजारांचे तीस परत आले. तरीही तीस गेलेच ना? वर्षाला दहा हजार. आणि सर काही तीन वर्षांत फोन विकणारे नाहीत. त्यांनी चौदा वर्षं एक फोन वापरला. बंद पडेपर्यंत वापरणं ही त्यांची सवय आहे, आणि ती चांगली सवय आहे. पण अशा माणसाला पुनर्विक्रीची किंमत ही न वठवलेल्या चेकसारखी. कागदावर दिसते, हातात कधीच येत नाही. सर तो आयफोन आठ वर्षं वापरतील आणि मग कपाटात ठेवतील. विक्रीचे अठरा हजार तेव्हा शून्य होतात.

माझं पहिलं मत म्हणून हेच: फोन विकण्याची सवय नसेल तर पुनर्विक्रीचा मुद्दा विचारातूनच काढून टाका.

फोन पडला तर

वरच्या हिशेबात फोन एकदाही पडला नाही असं आपण धरलं. बटणांच्या फोनची सवय असलेल्या माणसासाठी हे धरणं जरा धाडसाचंच आहे. सरांचा जुना फोन सदऱ्याच्या खिशातून वाकताना किती वेळा पडला असेल! झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, उचलायचं, बसवायचं, चालू. काचेच्या फोनला हे चालत नाही.

स्क्रीनचा खर्च घालून पाहू. आयफोनची स्क्रीन अधिकृत केंद्रात २२,००० धरू, अँड्रॉइडची ४,५००. आयफोनचा पाच वर्षांचा खर्च ७३,००० होतो, वर्षाला १४,६००. अँड्रॉइडचा २२,५००, वर्षाला ४,५००. पण मला इथे सरासरीपेक्षा वेगळी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अँड्रॉइडची स्क्रीन फुटली तर सर दुसऱ्या दिवशी बसवून घेतील. आयफोनची फुटली तर 'आता बावीस हजार कुठून घालू' म्हणत फुटक्या काचेवरच दोन वर्षं बोट फिरवतील. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जी वस्तू दुरुस्त करायला जीव धजावत नाही, ती वस्तू आपल्याला परवडलेलीच नसते.

दुरुस्तीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. बाजारात स्क्रीन आणि टच एकत्र येतात, त्याला दुरुस्तीवाले 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात. एकाच मॉडेलचे तीन-चार दर्जाचे कॉम्बो मिळतात आणि दुकानदार सगळ्यांना 'ओरिजिनलसारखाच' म्हणतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच मॉडेलना कारखान्यातून अमोलेड स्क्रीन असते, आणि स्वस्तातला कॉम्बो एलसीडीचा बसवला जातो. ओळखायचं कसं? काळा रंग राखाडी दिसतो, उन्हात स्क्रीन मंद वाटते, बॅटरी लवकर उतरते. आणि फोनला स्क्रीनच्या आतला बोटाचा ठसा असेल तर तो एलसीडी कॉम्बोवर चालेनासाच होतो. म्हणून ज्येष्ठांसाठी फोन घेताना मी मुद्दाम बाजूच्या बटणात ठसा असलेलं मॉडेल बघते. स्क्रीन बदलली तरी ठसा शाबूत राहतो, आणि बोटाला ते बटण सापडायलाही सोपं.

आयफोनमध्ये याचा बंदोबस्त वेगळा आहे. Settings > General > About इथे गेलं की, भाग बदललेला असेल तर Parts and Service History दिसतं. कंपनीचा भाग असेल तर Genuine Apple Part, नसेल तर Unknown Part.  वापरलेला फोन विकत घेणाऱ्यासाठी हे उत्तम आहे, फसवणूक चटकन कळते. पण मालकाच्या बाजूनं पाहिलं तर याचा अर्थ असा, की गावातल्या दुकानात स्वस्तात स्क्रीन बसवली की फोनची विक्रीची किंमत त्याच दिवशी पडते. म्हणजे ज्या पुनर्विक्रीच्या भरवशावर आयफोन घ्यायचा, ती टिकवायला दरवेळी अधिकृत दुरुस्तीच करावी लागते. दुरुस्ती आणि पुनर्विक्री हे दोन वेगळे मुद्दे नाहीत, एकाच दोरीची दोन टोकं आहेत. स्वस्त दुरुस्ती आणि चांगली विक्री हे दोन्ही एकदम मिळत नाही.

अधिकृत केंद्र कुठे आहे तेही बघा. आमच्या तालुक्याच्या गावात तरी आयफोनचं अधिकृत केंद्र नाही. जिल्ह्याला जायचं, एसटीचा वेळ, एक रजा, आणि भाग नसेल तर पुन्हा फेरी. निवृत्त माणसाला वेळ असतो, पण गुडघे नसतात, असं सर स्वतःच म्हणाले.

अपडेट: बटणवाल्याला हा खर्च माहीतच नसतो

सरांना सगळ्यात जास्त वेळ लागला तो अपडेट समजायला. "माझ्या फोनला चौदा वर्षांत एकदाही अपडेट आलं नाही, काही बिघडलं का?" नाही बिघडलं. कारण त्या फोनमध्ये चोरण्यासारखं काही नव्हतं. नंबर आणि साप. मोठ्या फोनमध्ये मात्र बँक आहे, आधार आहे, ओटीपी आहे. म्हणून घराला जसं कुलूप, तसं या फोनला अपडेट.

अपडेट दोन प्रकारची असतात. एक, आवृत्तीचं अपडेट. त्यात नवं रूप, नव्या सोयी येतात. हे नाही आलं तरी सरांचं काही अडत नाही. उलट दरवर्षी बटणांच्या जागा बदलल्या की ज्येष्ठांना त्रासच होतो. दुसरं, सुरक्षेचं अपडेट. त्यात नवं काही दिसत नाही, पण सापडलेली भोकं बुजवली जातात. हे मात्र थांबता कामा नये. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या शेवटी About phone मध्ये Android security update किंवा तशाच नावाची एक तारीख दिसते. ती तारीख वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि नवं काही येत नसेल, तर त्या फोनचं कुलूप आता कोणी दुरुस्त करत नाही असं समजा. त्यावर यूट्यूब चालवा, बँक नको.

या बाबतीत आयफोन वर्षानुवर्षं पुढे होता आणि ते मान्य केलंच पाहिजे. २०१८ च्या आयफोन एक्सआर आणि एक्सएसला २०२४ पर्यंत नवी आवृत्ती मिळाली, २०२५ च्या आयओएस २६ मध्ये ते गळाले. २०१९ चा आयफोन ११ अजून त्यात आहे. २०१३ च्या आयफोन ५एसला तर जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षेचं अपडेट आलं होतं. त्या काळात स्वस्त अँड्रॉइडला दोन-तीन वर्षं मिळाली तरी नशीब म्हणायचं.

पण चित्र बदललंय. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं. ते महागडे फोन. आपल्या कामाची गोष्ट पुढची. २०२४ च्या शेवटी आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या वीस हजारांच्या आतल्या फोनला सॅमसंगनं सहा वर्षांचं आश्वासन दिलं. माझ्या मते साध्या माणसासाठी अँड्रॉइड विरुद्ध आयफोन या वादाचा निकाल इथे बदलला. पूर्वी दीर्घकाळ अपडेट हवं तर आयफोनलाच जावं लागायचं. आता तसं राहिलेलं नाही.

मात्र 'अँड्रॉइड' म्हणजे सगळे सारखे नाहीत. त्याच दुकानात, त्याच किमतीला, दोनच वर्षं आवृत्ती आणि तीनच वर्षं सुरक्षा देणारे फोनही मांडलेले असतात. कॅमेरा मोठा, रॅम जास्त, चार्जिंग झटपट, आणि अपडेटचं नाव नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "येतात हो अपडेट, सगळ्यांना येतात."

आणि एक बारीक गोम. ही वर्षं तुम्ही फोन घेतल्यापासून नाही, तो फोन बाजारात आल्यापासून मोजतात. मी स्वतः यात फसले आहे. एका सणाच्या ऑफरमध्ये फोन सहा हजारांनी स्वस्त मिळाला म्हणून आनंदानं घेतला. तो बाजारात येऊन दोन वर्षं होऊन गेली होती, म्हणूनच तर स्वस्त होता. अकरा महिन्यांत सुरक्षेचं अपडेट थांबलं. दुकानदाराचं चुकलं असं नाही म्हणता येणार, मी विचारलंच नव्हतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, फोनची बघत नाही. फोनच्या नावासोबत तो कोणत्या महिन्यात बाजारात आला हे शोधा, त्यात आश्वासनाची वर्षं मिळवा, आणि आजपासून किती उरली ते काढा. साधी बेरीज-वजाबाकी आहे.

अपडेट थांबल्यावर काय होतं, याचंही एक उदाहरण देते, म्हणजे दोन्ही बाजू नीट कळतील. मे २०२५ मध्ये व्हॉट्सॲपनं आयओएस १५.१ च्या खालच्या आयफोनवर चालणं बंद केलं. २०१४ चा आयफोन ६ आयओएस १२ वरच अडकलेला, त्यामुळे तो बाद झाला. त्याच वेळी अँड्रॉइडवर मात्र २०१४ च्याच पाचव्या आवृत्तीपर्यंत व्हॉट्सॲप चालत होतं. अँड्रॉइडमध्ये क्रोमसारखे ब्राउझर आणि ॲप प्ले स्टोअरमधून वेगळे अपडेट होत राहतात, आयफोनमध्ये ब्राउझरचा गाभा आयओएसबरोबरच येतो. म्हणजे जुना आयफोन एक दिवस ठळकपणे थांबतो, आणि जुना अँड्रॉइड कुलूप गंजलं तरी चालत राहतो. यातलं दुसरं जास्त धोक्याचं, कारण चालतोय म्हणून आपण निर्धास्त राहतो.

'जुना आयफोन घेतो' म्हणणाऱ्यांसाठी

हिशेब झाल्यावर सूनबाईंनी फोनवरून मधला मार्ग काढला. "मग बाबा, वापरलेला घ्या ना, पंचवीस-तीस हजारांत मिळतो." हा पर्याय वाईट नाही. घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या मालकानं सोसलेला असतो. पण मग चार गोष्टी दुकानातच, पैसे देण्याआधी बघायच्या.

पहिली, बाजारात कधी आला. आयफोन १३ सप्टेंबर २०२१ चा आहे. आधीचे आयफोन सात वर्षांच्या आसपास गळाले, त्या अनुभवावरून किती उरली ते मोजा. आयफोन ११ स्वस्त मिळतो, पण तो आता रांगेत सगळ्यात शेवटी उभा आहे. भागांचंही तसंच. एखादं मॉडेल ॲपलनं विकणं थांबवल्यापासून किमान पाच वर्षं भाग आणि सेवा मिळण्याची कंपनीची हमी असते, त्यापुढे भाग मिळाले तर मिळाले.

दुसरी, बॅटरी. सेटिंगमध्ये Battery Health उघडा. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ८० टक्के उराव्यात अशा बनवलेल्या आहेत. आकडा ८० च्या आसपास असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीत मिळवूनच भाव करा. तिसरी, वर सांगितलेलं Unknown Part. 

चौथी सगळ्यात महत्त्वाची. आधीच्या मालकानं आपलं खातं काढलंय का? आयफोन पूर्ण कोरा करून तुमच्या समोर सुरू करायला सांगा. सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर तो फोन तुमचा कधीच होणार नाही. अँड्रॉइडमध्येही गुगल खात्याचं असंच कुलूप असतं. शिवाय *#06# डायल करून पंधरा आकडी आयएमईआय घ्या आणि KYM, मोकळी जागा, तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून नोंदलेला असेल तर कळतं. हे प्रत्येक पालकानं मुलाला वापरलेला फोन घेऊन देताना करावंच.

सर हे सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, एवढं तपासायला मला तुम्हालाच दुकानात न्यावं लागेल." त्यांचं खरंच होतं. वापरलेला फोन हा पारख असलेल्याचा सौदा आहे. पहिलाच मोठा फोन घेणाऱ्यानं त्यात पडू नये.

मग आयफोन कधी घ्यावा?

आयफोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. तीन ठिकाणी मी स्वतः 'घ्या' म्हणेन. मुलगा-मुलगी आपला दोन-तीन वर्षं वापरलेला आयफोन फुकट देत असेल तर जरूर घ्या. खर्च फक्त बॅटरीचा, आणि अपडेटची काही वर्षं शिल्लक असतात. दुसरं, घरातले सगळे आयफोनवाले असतील, तर शिकवायला माणूस हाताशी असतो, आणि नवख्यासाठी त्याची किंमत मोठी. तिसरं, तुमचं बजेट मुळातच साठ हजारांचं असेल आणि तुलना साठ हजारांच्या अँड्रॉइडशी असेल, तर विकताना आयफोन साधारणपणे चांगला भाव देतो. तिथे सूनबाईंचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे.

पण अठरा हजारांत काम भागत असताना, 'विकला की परत येतील' या आशेवर साठ हजार घालणं, हे सरांसारख्या माणसासाठी मला पटत नाही. पाच वर्षांत फोन एकदाही न पडता तेहतीस हजारांचा फरक पडतो. निवृत्त माणसासाठी ही रक्कम लहान नाही.

सरांनी शेवटी काय केलं ते सांगते. सहा वर्षांच्या आश्वासनाचा, बाजारात येऊन सहा महिनेच झालेला, बाजूला ठसा असलेला अँड्रॉइड घेतला. घेण्याआधी त्या मॉडेलच्या स्क्रीनची आणि बॅटरीची किंमत कंपनीच्या केंद्रात फोन करून विचारली आणि वहीत लिहिली. जाड कव्हर आणि काच त्याच दिवशी बसवली. वहीच्या त्याच पानावर अपडेट कधी संपणार तो महिना आणि साल लिहून खाली दोन रेघा मारल्या, उत्तराखाली मारतात तशा. बटणांचा जुना फोन त्यांनी टाकला नाही. बँकेच्या खात्याला जोडलेलं सिम अजून त्यातच आहे. "नव्याची सवय होईपर्यंत असू दे," म्हणाले. मला ते पटलं.

सूनबाईंना त्यांनी तो हिशेबाचा कागद फोटो काढून पाठवला, नव्या फोनवरून काढलेला पहिला फोटो. त्यांचं उत्तर आलं, "बाबा, तीन वर्षांनी माझा आयफोन तुम्हाला देईन." सर म्हणाले, "तोपर्यंत हा चालणारच आहे."

वर्गासाठी

आठवीला घसारा शिकवताना हा उपक्रम करून पाहा. प्रत्येक मुलानं घरातल्या एका फोनची खरेदीची किंमत, वापराची वर्षं, झालेली दुरुस्ती आणि आज विकला तर मिळणारा अंदाजे भाव घरी विचारून आणायचा. मग खरेदी अधिक दुरुस्ती वजा विक्री, भागिले वर्षं. फळ्यावर वर्षाच्या खर्चाप्रमाणे उतरता क्रम लावा. आमच्या वर्गात सगळ्यात स्वस्त फोन कोणाचा निघाला असेल? एका मुलीच्या आजीचा. बटणांचा, अकराशे रुपयांचा, नऊ वर्षं चाललेला. वर्षाला एकशे बावीस रुपये.